मुहूर्ताच्या एका तासाने उंच ठेवलेली रेषा

माझे मामा निपाणीत तंबाखूच्या व्यापारात आहेत. वखार, बिडी कारखानदारांची उधारी आणि पावसाचा अंदाज यातून वेळ उरला की ते मोबाइलवर शेअर बघतात. मी बेळगावात व्यापाऱ्यांची हिशेबाची कामं करतो, त्यामुळे एक्सेलचं काही असलं की मामांचा फोन मला येतो. इथे मांडतोय ते २०२४ च्या दिवाळीच्या आगेमागेचं एकाच शेअरचं प्रकरण आहे. शेअरचं नाव देत नाही, कारण त्याच्याशी इथे कुणालाच कर्तव्य नाही. भाव आणि व्हॉल्यूम हिशेब सोपा पडावा म्हणून गोल करून मांडले आहेत. तारखा आणि सुट्ट्या मात्र बाजाराच्या खऱ्या आहेत, कारण सगळी गोम तारखांतच आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी चालू होती आणि निपाणीत मतदान नसलं तरी टीव्ही घरोघर तोच लागलेला. मामांनी तेवढ्यात फोन केला. त्यांच्याकडे एका शेअरचे ४०० नग होते. सोमवारी बाजार उघडला की आणखी ६०० घ्यायचे, असं त्यांनी जवळपास ठरवलं होतं. आधार काय, तर चार्टखालची ‘ईज ऑफ मूव्हमेंट’ची रेषा.

“दिवाळीआधी लाईन कुठं होती आणि आता किती वर हाय बघ की. दुपटीच्या वर गेलीया. शेअर वर जायला काय अडचणच न्हाई. आणखी माल उचलू काय?”

रेषेबद्दल मामा म्हणत होते ते खरंच होतं. शेअर सहज वर चाललाय, हा त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा होता. दोन्ही एकाच वेळी कसं शक्य आहे ते कळायला हा आकडा कशाचा बनतो तिथून सुरुवात करावी लागते.

हा निर्देशक अमेरिकेतल्या रिचर्ड आर्म्स यांचा. बाजाराची रुंदी मोजणारा ट्रिन, म्हणजे आर्म्स इंडेक्स, त्यांचाच. भाव आणि व्हॉल्यूम एकाच आकृतीत दिसावेत म्हणून त्यांनी ‘इक्विव्हॉल्यूम’ नावाचा चार्ट वापरला. त्यात प्रत्येक दिवसाची एक चौकट असते: उंची म्हणजे त्या दिवसाची रेंज, अर्थात हाय उणे लो, आणि रुंदी म्हणजे व्हॉल्यूम. चौकट उंच आणि अरुंद असेल तर थोड्या मालात भाव बराच हलला. बुटकी आणि रुंद असेल तर ढीगभर माल हातोहात फिरला आणि भाव जागच्या जागी राहिला. ईज ऑफ मूव्हमेंट म्हणजे याच चौकटीला दिलेला आकडा, फक्त त्यात दिशा मिसळलेली.

दिशा येते मध्यबिंदूवरून. आजचा हाय आणि लो यांची सरासरी घ्यायची, तिच्यातून कालची तशीच सरासरी वजा करायची. मध्य वर सरकला तर आकडा अधिक, खाली सरकला तर उणे. व्हॉल्यूमला आजच्या रेंजने भागलं की चौकटीचं गुणोत्तर मिळतं, आणि मध्याच्या सरकण्याला या गुणोत्तराने भागलं की त्या दिवसाचा आकडा. दोन वेळा भागाकार करण्यापेक्षा सरळ लिहायचं तर मध्य किती सरकला गुणिले रेंज, भागिले व्हॉल्यूम. एका दिवसाचा आकडा फार उड्या मारतो म्हणून १४ सत्रांची साधी सरासरी काढतात, आणि चार्टखाली दिसते ती ही सरासरी. आर्म्स यांच्या पद्धतीने रेषा शून्याच्या वर म्हणजे भाव सहज चढतोय, खाली म्हणजे सहज उतरतोय. शून्याला चिकटून असेल तर एकतर भाव हलतच नाही किंवा हलवायला फार माल लागतोय.

मामांसाठी मी जी शीट केली तिच्यात तारीख A, हाय B, लो C आणि व्हॉल्यूम D स्तंभात आहे. पहिली ओळ शीर्षकांची, दुसरी ओळ सर्वांत जुन्या दिवसाची. सूत्र तिसऱ्या ओळीपासून सुरू होतं:

```
E3:  =((B3+C3)/2-(B2+C2)/2)*(B3-C3)/(D3/100000)
F16: =AVERAGE(E3:E16)
```

एक लाखाने भागलंय ते फक्त आकडा वाचण्याजोगा व्हावा म्हणून. भाजक किती घ्यायचा याचा नियम नाही. ट्रेडिंगव्ह्यूवर याच निर्देशकात १०,००० चा गुणक असतो, त्यामुळे तिथला आकडा माझ्या शीटच्या एक दशांश दिसतो. रेषेचा आकार तोच राहतो. “माझ्याकडे ०.२ आणि तुझ्याकडे २ कसं?” हा मामांचा पहिला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एवढंच.

आता शेअरकडे येऊ. ऑक्टोबरच्या मध्यापासून तो चढत होता. १६ ऑक्टोबरचा दिवस घ्या. आदल्या दिवशी हाय २१४ आणि लो २१०, म्हणजे मध्य २१२. त्या दिवशी हाय २१९, लो २१३, मध्य २१६. मध्य चार रुपये वर सरकला, रेंज सहा रुपये आणि व्हॉल्यूम आठ लाख. चार गुणिले सहा म्हणजे चोवीस, भागिले आठ. आकडा आला ३. सगळे दिवस असे नव्हते, काही उणेही होते, पण १४ ते ३१ ऑक्टोबर या १४ सत्रांची बेरीज १२ भरली. सरासरी ०.८६. या काळात मध्य २१३ वरून २३१ वर गेला, म्हणजे १८ रुपये, आणि रोजचा व्हॉल्यूम सरासरी आठ लाखांच्या आसपास राहिला. याला सहज चढ म्हणायला माझी हरकत नाही. विकणारे फारसे समोर येत नव्हते आणि घेणाऱ्याला भाव वाढवून माल मिळवावा लागत होता.

नोव्हेंबरमधला एक दिवस याच्या शेजारी ठेवा. १३ तारखेला हाय २४५, लो २४०, मध्य २४२.५. आदल्या दिवशीचा मध्य २४०.५ होता. म्हणजे दोन रुपयांची सरक, पाच रुपयांची रेंज, आणि व्हॉल्यूम तब्बल २५ लाख. दहा भागिले पंचवीस, ०.४. भाव वरच गेला. चार्टवर हिरवी कँडल दिसली आणि मामा खूश झाले. पण ऑक्टोबरच्या तिप्पट माल फिरला आणि मध्य सरकला निम्मा. प्रत्येक वरच्या भावाला कुणीतरी विकायला उभं होतं, त्याचा माल गिळून मगच पुढचा रुपया मिळत होता. ४ ते २२ नोव्हेंबर या १३ सत्रांत असेच दिवस आले. त्यांची सगळी मिळून बेरीज १.४, म्हणजे दिवसाला सरासरी ०.११. ऑक्टोबरच्या जवळपास एक अष्टमांश.

मग रेषा खाली यायला हवी होती. ती २२ नोव्हेंबरला होती २.०३ वर.

उत्तर १ नोव्हेंबरमध्ये दडलंय. बेळगावात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. एका बाजूला राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांचा काळा दिन. त्या वर्षी लक्ष्मीपूजनही त्याच शुक्रवारी आलं आणि शेअर बाजाराचं मुहूर्त सत्र संध्याकाळी सहा ते सात असं एक तास झालं. मुहूर्ताला लोक चार-पाच शेअर शकुनाचे म्हणून घेतात. विकायला फारसं कुणी बसत नाही आणि मोठे खरेदीदार पूजेला बसलेले असतात. त्या तासाच्या आगेमागेचे तीन दिवस असे:

| दिवस | हाय | लो | मध्य | सरक | रेंज | व्हॉल्यूम (लाख) | आकडा |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ३१ ऑक्टोबर | २३३ | २२९ | २३१ | +१.२ | ४ | ८ | ०.६ |
| १ नोव्हेंबर | २३७ | २३४ | २३५.५ | +४.५ | ३ | ०.५ | २७ |
| ४ नोव्हेंबर | २३८ | २३२ | २३५ | −०.५ | ६ | १८ | −०.१७ |

२७. महिनाभरात तीनच्या आसपास गेलेला दिवस चांगला म्हणायचा, आणि इथे एका तासात २७. भावाने फार मोठं काही केलेलं नाही, साडेचार रुपये वर आणि तेही आदल्या दिवसाच्या मध्यापासून मोजून. सगळा फरक खालच्या भाजकाचा आहे. रोज आठ लाख फिरणारा माल त्या तासात पन्नास हजार फिरला. सूत्राला घड्याळ कळत नाही. सव्वासहा तासांचं सत्र आणि एका तासाचं सत्र त्याच्या लेखी दोन सारखे दिवस आहेत.

ही २७ चौदाने भागली की १.९३. म्हणजे पुढची १४ सत्रं रेषेच्या उंचीत जवळपास दोन अंक नुसते या एका तासाचे असणार, बाकीच्या तेरा दिवसांनी काहीही केलं तरी. १ नोव्हेंबरला रेषा ०.८६ वरून एकदम २.७५ वर उडाली. नंतर ऑक्टोबरचे सोपे दिवस एकेक करून बाहेर पडत गेले, त्यांच्या जागी नोव्हेंबरचे जड दिवस येत गेले, आणि रेषा घसरत २.०३ वर आली. ही घसरण चार्टवर दिसत होती, पण मामांना ती दिसली नाही. त्यांनी दिवाळीआधीचा ०.८६ आणि आताचा २.०३ एवढेच दोन बिंदू धरले. अर्थात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, रेषा बघणारा प्रत्येक माणूस आधी उंचीच बघतो.

मी फोनवर हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे तवंदी घाट रिकामा ट्रक चढला, आणि आपण गाडी दमदार हाय म्हणून नाचालोय.”

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. घाट चढला हे खरं, पण ट्रकमध्ये माल किती होता हे विचारल्याशिवाय त्या चढण्याला किंमत नाही. ‘सहज’ या आकड्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. विकणारे बाजूला झाले म्हणून भाव चढला तरी आकडा मोठा, आणि घेणारे-विकणारे दोघंही हजर नव्हते म्हणून भाव इकडचा तिकडे झाला तरी आकडा मोठा. व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीला असताना आलेला मोठा आकडा पहिल्या जातीचा. व्हॉल्यूम सोळा पटींनी आटलेलं असताना आलेला दुसऱ्या जातीचा. रेषा दोन्हींना एकाच रंगात रंगवते.

हे खरंच असं आहे का, याचा पुरावा सोमवारी आपोआप मिळणार होता. १५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची सुट्टी, २० नोव्हेंबरला महाराष्ट्रातल्या मतदानाची. (ती सुट्टी मुंबईच्या बाजाराची म्हणून निपाणीच्या मामांनाही मिळाली, मतदान मात्र नाही. यावर ते अजून बोलतात.) या दोन सुट्ट्या धरून १ नोव्हेंबरपासून मोजलं तर चौदावं सत्र २२ नोव्हेंबरला पूर्ण होतं. म्हणजे सोमवारी २५ तारखेला मुहूर्ताचा दिवस सरासरीतून बाहेर पडणार. मी मामांना एवढंच म्हटलं की सोमवारी काही घेऊ नका आणि संध्याकाळी रेषा बघा, शेअर वर गेला तरी ती कोसळेल.

सोमवारी बाजार निवडणूक निकालाच्या जोरावर तेजीतच उघडला. आमचा शेअरही वर. शुक्रवारी हाय २४७, लो २४३ होता. सोमवारी हाय २५०, लो २४६. मध्य तीन रुपये वर, रेंज चार, व्हॉल्यूम ३० लाख. बारा भागिले तीस, ०.४. तेरा सत्रांची बेरीज १.४ होती, तीत ही ०.४ घालून १.८, भागिले १४. रेषा ०.१३. शुक्रवारी २.०३, सोमवारी ०.१३, आणि भाव तीन रुपयांनी जास्त.

यातून उलटा धोकाही लक्षात घ्या. मुहूर्ताचं ठाऊक नसलेला माणूस सोमवारी संध्याकाळी ही रेषा बघून घाबरून माल विकेल. त्याला वाटेल, शेअरमध्ये काहीतरी मोडलं. त्या दिवशी मोडलं काहीच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीचा एक दिवस १४ सत्रांच्या खिडकीबाहेर गेला, बस. साध्या सरासरीची ही खोड आहे: मोठा आकडा दोनदा धक्का देतो, आत येताना आणि बाहेर जाताना, आणि बाहेर जातानाच्या धक्क्याचा त्या दिवसाच्या बाजाराशी काडीचा संबंध नसतो. म्हणून रेषा एका दिवसात फार हलली की मी आधी आजचा आकडा बघत नाही, आज खिडकीतून गळलेला आकडा बघतो.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. मुहूर्ताचा दिवस सरळ गाळायचा, हा एक मार्ग. पण मग त्या तासात भाव खरोखर सरकला त्याची नोंद कुठेच राहत नाही असं मामांना वाटलं (तशी ती चार तारखेच्या मध्यात येतेच, कारण मग चार तारीख ३१ ऑक्टोबरशी ताडली जाते). मला दुसरा मार्ग बरा वाटतो: आखूड सत्र पुढच्या पूर्ण सत्रात मिसळायचं. दोन्हींतला मोठा हाय, दोन्हींतला छोटा लो, आणि व्हॉल्यूमची बेरीज. आपल्या शेअरमध्ये १ आणि ४ नोव्हेंबर मिळून हाय २३८, लो २३२, व्हॉल्यूम १८.५ लाख. मध्य २३५, आणि ३१ ऑक्टोबरचा मध्य २३१, म्हणजे सरक चार रुपये. चार गुणिले सहा, भागिले १८.५. आकडा १.३. दोन ओळींत २७ आणि −०.१७ होतं, त्याच्या जागी एका ओळीत १.३. आता हा दिवस ऑक्टोबरच्या दिवसांच्या रांगेत शोभतो.

ओळ एक कमी झाल्यामुळे २२ नोव्हेंबरच्या खिडकीत ३१ ऑक्टोबरचा ०.६ परत येतो. सगळं मिळून बेरीज ३.४७, सरासरी ०.२५. मामांच्या चार्टवर त्याच संध्याकाळी २.०३ दिसत होतं. ०.८६ वरून ०.२५. रेषा दिवाळीनंतर दुपटीवर गेली नव्हती, ती तिसऱ्या हिश्श्यावर आली होती.

म्हणजे मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं निघालं की शेअर वर चाललाय, पण आता जोर लावून चाललाय. ऑक्टोबरमध्ये १४ सत्रांत १८ रुपये, रोजी आठ लाखांत. नोव्हेंबरमध्ये मुहूर्तानंतरच्या १३ सत्रांत साडेनऊ रुपये, रोजी २५ लाखांच्या घरात. मोठं व्हॉल्यूम बघून खूश होणारे पुष्कळ आहेत. “भाव वाढतोय आणि व्हॉल्यूमही वाढतंय, म्हणजे तेजी पक्की,” हे वाक्य बेळगावच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. व्हॉल्यूम तिप्पट होऊन भावाची चाल निम्मी झाली असेल तर ती पक्की कशी, हे विचारायला हा निर्देशक चांगला आहे. त्याचा खरा उपयोग मला इथेच दिसतो, शून्याच्या वर-खाली खरेदी-विक्री करण्यात नाही.

तरीही ०.२५ या आकड्यावर आंधळा विश्वास नको, आणि तो का नको हे याच शेअरच्या १९ नोव्हेंबरने दाखवलं. १८ तारखेचा मध्य २४२. १९ तारखेला सकाळी शेअर २४९ पर्यंत पळाला, दुपारनंतर विक्री आली, २४१ पर्यंत आपटला आणि २४१.५० ला बंद झाला. व्हॉल्यूम ४० लाख, महिन्यातलं सर्वांत जास्त. शेअर ज्याच्या हातात आहे त्याला विचारा, हा दिवस कसा होता. वाईट होता. आता सूत्राला विचारा. मध्य २४५, सरक अधिक तीन, रेंज आठ. चोवीस भागिले चाळीस, अधिक ०.६. नोव्हेंबरच्या बऱ्या दिवसांत त्याची गणती झाली.

कारण सूत्रात बंद भाव कुठेच नाही. हाय आणि लो दोनच घेतले जातात, दिवस वर संपला की खाली याचा त्यात पत्ता नसतो. शिवाय रेंज गुणाकारात बसलेली असल्याने दिवसभराची आदळआपट आकडा कमी करत नाही, वाढवते. दोन दिवसांनी, २१ तारखेला, मध्य तीन रुपयांनी खाली येऊन आकडा −०.६ झाला तेव्हा कुठे १९ ची फिटंफाट झाली. म्हणून शीटमध्ये मी एक जादा स्तंभ ठेवलाय: बंद भाव दिवसाच्या रेंजमध्ये कुठे पडला. लोला बंद झाला तर शून्य, हायला बंद झाला तर एक. १९ नोव्हेंबरला हा आकडा ०.०६ होता. निर्देशकाचा आकडा अधिक आणि हा स्तंभ शून्याजवळ असेल तर त्या दिवसाला ‘सहज चढ’ मोजायचं नाही, असं आम्ही ठरवलं. हा नियम आमचा आहे, आर्म्स यांचा नाही.

मामांनी मग ओघात आणखी एका शेअरचं विचारलं. त्यांच्या एका व्यापारी मित्राने घेतलेला छोटा शेअर रोज उघडताच वरच्या सर्किटला जाऊन बसत होता आणि त्याची रेषा मात्र शून्यावर सपाट. मित्र म्हणे, निर्देशक बिघडलाय. बिघडलेलं काही नाही. दिवसभर एकाच भावाला अडकलेल्या शेअरचा हाय आणि लो एकच, म्हणून रेंज शून्य, म्हणून गुणाकार शून्य. याहून सहज चढ तो कुठला, आणि सूत्र त्यालाच शून्य देतं. सर्किटला खेळणाऱ्या शेअरवर हा निर्देशक लावूच नये. एवढं सांगून तो विषय मी संपवला.

एक शंका माझी मलाच होती. मध्याची सरक रुपयांत आणि रेंजही रुपयांत, म्हणजे गुणाकार रुपयांच्या वर्गात. शेअर महाग झाला की त्याची टक्केवारी तीच राहूनही हे दोन्ही आकडे वाढतात आणि गुणाकार त्याच्या वर्गाने वाढतो. व्हॉल्यूम तेच असताना भाव दुप्पट झाला तर आकडा चौपट. मग ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची तुलना न्याय्य आहे का? ऑक्टोबरच्या त्या सत्रांत भाव सरासरी २२२ च्या आसपास, नोव्हेंबरच्या सत्रांत २४० च्या. २४० भागिले २२२, त्याचा वर्ग १.१७. म्हणजे नोव्हेंबरला फुकटचा सुमारे १७ टक्के फायदा मिळाला होता, आणि तो मिळूनही रेषा तिसऱ्या हिश्श्यावर आली. निष्कर्ष त्यामुळे ढिला होत नाही, उलट आवळला जातो. पण वर्षभराचा चार्ट बघणार असाल आणि शेअर १०० वरून ३०० ला गेला असेल, तर डावीकडची आणि उजवीकडची उंची एका फुटपट्टीने मोजता येणार नाही. तिथे रोजच्या आकड्याला त्या दिवसाच्या मध्याच्या वर्गाने भागून घ्यावं. दोन वेगवेगळ्या शेअरच्या रेषांची उंची ताडणं तर साफ निरर्थक.

बोनस किंवा स्प्लिट झाला असेल तर आणखी एक खोड निघते. काही ठिकाणी जुने भाव दुरुस्त करून दिलेले असतात, जुनं व्हॉल्यूम मात्र तसंच ठेवलेलं. एकाचे पाच झालेल्या शेअरचा जुना भाव पाचाने भागला आणि व्हॉल्यूम पाचाने गुणलं नाही, तर स्प्लिटआधीचे सगळे आकडे पाचपट फुगतात आणि स्प्लिटच्या तारखेला रेषा आपटल्यासारखी दिसते. आमच्या शेअरला असं काही झालं नव्हतं, पण शीट हाताने भरताना मी ही तपासणी आधी करतो.

मामांनी सोमवारी ६०० घेतले नाहीत. जे ४०० होते ते मात्र विकलेही नाहीत, कारण रेषा दुरुस्त केल्यावरही शून्याच्या वरच होती आणि चढ जड झालाय म्हणजे संपलाय असं ती कुठेच म्हणत नव्हती. शेअर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणखी आठेक रुपये वर गेला, तेव्हा मामांनी मला दोन-तीन टोमणे मारले. जानेवारीत सगळा बाजारच खचला आणि हा शेअर २३० च्या खाली आला, तेव्हा टोमणे थांबले. दोन्ही वेळा त्यांना मी तेच सांगितलं: डिसेंबरच्या चढाने आपलं वाचन खोटं ठरलं नाही आणि जानेवारीच्या पडझडीने खरं ठरलं नाही. बाजार सगळाच पडला तर त्याचं श्रेय आपल्या शीटला घेता येत नाही. “२२ नोव्हेंबरला रेषा उंच आहे म्हणून माल वाढवावा का” एवढाच प्रश्न होता, आणि ती उंची एका तासाची होती.

शीट आता मामा स्वतःच भरतात. २०२५ ला मुहूर्त सत्र २१ ऑक्टोबरला आणि तेही दुपारी पावणेदोन ते पावणेतीन झालं. वेळ बदलली तरी तास एकच, म्हणून तो दिवस पुढच्या पूर्ण सत्रात मिसळला. २०२४ चा २ मार्च आणि १८ मे हे शनिवारही तसेच, त्या दिवशी बाजाराने यंत्रणा तपासण्यासाठी दोन छोटी सत्रं घेतली होती. जुनी माहिती शीटमध्ये टाकताना मामांनी १ फेब्रुवारी २०२५ चा शनिवारही मिसळून टाकला होता, तो मात्र परत सुटा करावा लागला. अर्थसंकल्पाचा तो दिवस सव्वानऊ ते साडेतीन असा पूर्ण चालला होता.